चंद्र-मंगळ योग : धनप्राप्ती आणि कर्तृत्वप्रेरणा यांविषयीच्या संकेतांची चिकित्सा

सारांश
जन्मकुंडलीत चंद्र आणि मंगळ एका राशीत असता चंद्र-मंगळ योग होतो, आणि हा योग धनदायक आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रस्तुत लेखात या योगाची व्याख्या, त्याची वारंवारता, प्राचीन ग्रंथांतील त्याचे फल आणि प्रत्यक्ष फलादेशाची पद्धती यांचा क्रमशः विचार केला आहे. पुणे शहरातील ९ सप्टेंबर २००३ या दिवसाचे उदाहरण घेऊन एकाच योगातून दोन भिन्न फलादेश कसे निघतात, हे दाखविले आहे. अखेरीस या योगाची सांख्यिकीय कसोटी कशी घेता येईल, याची मांडणी केली आहे.

बीजशब्द : चंद्र-मंगळ योग, धनस्थान, लाभस्थान, अयनांश, विंशोत्तरी दशा, सांख्यिकीय कसोटी.

प्रास्ताविक
विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ साली विद्यापीठांमध्ये ज्योतिर्विज्ञानाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचा निर्णय घेतला. त्याला देण्यात आलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली फेटाळले. त्या निमित्ताने फलज्योतिषाच्या बाजूने व विरोधात विपुल लेखन झाले. मात्र त्यातील बहुतेक लेखन ‘ज्योतिष हे शास्त्र आहे काय’ या सर्वसाधारण प्रश्नाभोवती फिरत राहिले. एखादा विशिष्ट योग हाती घेऊन त्याची व्याख्या काय, तो किती जणांच्या कुंडलीत असतो, त्यावरून फलादेश कोणत्या पायऱ्यांनी केला जातो आणि तो तपासता येतो काय, असा विचार त्या मानाने कमी झाला.

चंद्र-मंगळ योग अशा विचारासाठी सोयीचा आहे, कारण त्याचा संबंध पैशाशी जोडला जातो आणि पैशाविषयीच्या भाकितावर माणसे प्रत्यक्ष निर्णय घेतात. नोकरी सोडून व्यवसायात उतरावे काय, भूखंडासाठी कर्ज काढावे काय, असे प्रश्न घेऊन पालक ज्योतिषाकडे जातात. तेथे ‘पत्रिकेत चंद्र-मंगळ आहे, पैसा कमी पडणार नाही’ हे वाक्य ऐकू आले, तर त्याचा भार त्या निर्णयावर पडतो. म्हणूनच या वाक्याच्या मागे नेमके काय आहे, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

योगाची व्याख्या आणि वारंवारता
या योगाची मूळ व्याख्या साधी आहे. जन्मसमयी चंद्र आणि मंगळ एका राशीत असले, म्हणजे त्यांची युती असली, तर चंद्र-मंगळ योग होतो. अनेक ज्योतिषी ही व्याख्या थोडी सैल करतात आणि दोन्ही ग्रह परस्परांपासून सातव्या राशीत असले, म्हणजे समोरासमोर येऊन एकमेकांकडे पाहत असले, तरीही योग मानतात. काही जण याहून पुढे जातात. मंगळाला सातव्या दृष्टीखेरीज चौथी व आठवी अशा दोन विशेष दृष्टी आहेत. त्यामुळे मंगळापासून चौथ्या किंवा आठव्या राशीत चंद्र असला, तरी मंगळाची त्यावर दृष्टी पडते म्हणून योगाची छाया आहे, असे सांगितले जाते.

या प्रत्येक व्याख्येनुसार योग किती जणांच्या कुंडलीत सापडेल, हे काढणे अवघड नाही. चंद्र सुमारे २७.३ दिवसांत बारा राशींतून फिरतो आणि एका राशीत सरासरी सव्वादोन दिवस राहतो. मंगळ मात्र संथ आहे. त्याला राशिचक्राची एक फेरी पुरी करण्यास सुमारे ६८७ दिवस लागतात आणि तो वक्री झाला, तर एकाच राशीत पाच-सहा महिने रेंगाळतो. परंतु मंगळ कोणत्याही राशीत असो, चंद्र दर महिन्याला त्या राशीतून जातोच आणि तेथे आपल्या फेरीचा साधारण बारावा भाग घालवतो. म्हणून युतीची व्याख्या घेतली, तर बारा माणसांतील एकाच्या कुंडलीत हा योग असतो. समोरासमोरची स्थिती धरली, तर सहांतील एकाच्या कुंडलीत असतो. चौथी व आठवी दृष्टीही धरली, तर तिघांतील एकाच्या कुंडलीत असतो.

२०११ च्या जनगणनेनुसार पुणे महानगरपालिकेच्या हद्दीतील लोकसंख्या ३१,२४,४५८ होती. काटेकोर व्याख्येनेही त्यांपैकी सुमारे २ लाख ६० हजार लोकांच्या कुंडलीत चंद्र-मंगळ योग असणार, आणि सैल व्याख्येने ही संख्या दहा लाखांच्या वर जाते. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात सरासरी पाच जणांच्या कुंडलीत तो असतो. अर्थात एवढ्या सर्वत्र आढळणाऱ्या योगाचा अर्थ ‘धनवान होणे’ असा थेट लावता येत नाही. अनुभवी ज्योतिषीही तसा लावत नाहीत. त्यांच्या दृष्टीने योग हा केवळ आरंभबिंदू असतो आणि पुढील विचार त्याच्या बलाबलावर व स्थानावर अवलंबून असतो.

प्राचीन ग्रंथांतील फल
आज हा योग ‘लक्ष्मीदायक’ म्हणून ओळखला जात असला, तरी जुन्या ग्रंथांतील त्याचे वर्णन वेगळे आहे. वराहमिहिराच्या बृहज्जातकात दोन ग्रहांच्या युतीची फले सांगताना चंद्र-मंगळाचाही उल्लेख येतो. तेथे अशा युतीवर जन्मलेल्या माणसाचा व्यवहार कपटाच्या वस्तू, स्त्रिया, मद्य आणि घट यांच्याशी जोडला आहे आणि ही युती मातेला अनिष्ट म्हटली आहे. कल्याणवर्म्याच्या सारावलीत शौर्य, मल्लविद्या, रक्तविकार आणि माती, चामडे व धातू यांच्या वस्तू घडविण्याचे कौशल्य अशी फले येतात. विसाव्या शतकात बंगळूरचे बी. व्ही. रामन यांनी तीनशे महत्त्वाच्या योगांचे संकलन केले. त्यातही या योगाचे मूळ फल गैरमार्गाने मिळविलेला पैसा आणि मातेशी कठोर वर्तन असेच नोंदविले आहे, आणि योग शुभ स्थानी असल्यास ते सौम्य होते, असा खुलासा आहे.

ही वर्णने एकत्र ठेवून पाहिली, की एक गोष्ट ध्यानात येते. त्यांत संचित धनाचा, वारशाचा किंवा कोठारात साठलेल्या संपत्तीचा निर्देश नाही. त्यांत आहे तो व्यापार, कारागिरी आणि चढाओढ. पैसा येतो तो हालचालीतून, घाईतून, प्रसंगी कपटातून येतो. हे ग्रंथ ज्या समाजात लिहिले गेले, तेथे मद्य किंवा चामडे यांचा व्यापार करणाऱ्याला प्रतिष्ठा नव्हती. म्हणून त्यांच्या दृष्टीने हा योग हीन उद्योगातून होणाऱ्या मिळकतीचा होता. पुढे व्यापाराला प्रतिष्ठा आली, तेव्हा त्याच योगाचे फल ‘उद्योगातून संपत्ती’ असे वाचले जाऊ लागले. ग्रहांची स्थिती तीच राहिली. बदलले ते समाजाचे पैशाविषयीचे मूल्यमापन.

मातेविषयीचा उल्लेख मात्र आज बहुधा गाळला जातो. चंद्र हा मातेचा कारक आणि मंगळ हा क्रूर ग्रह, म्हणून मातेला पीडा, हा जुन्या ग्रंथकारांचा तर्क होता. एकाच वाक्यातील धनाचा अर्धा भाग घ्यायचा आणि मातेचा अर्धा भाग सोडायचा, यासाठी ग्रंथात कोणताही आधार नाही. योगाचे फल सांगणाऱ्याने ही निवड कशाच्या आधारे केली, हा प्रश्न वाचकाने विचारावयास हरकत नसावी.

कारकत्वाचे तर्कशास्त्र
ज्योतिषी या योगावरून धन आणि प्रेरणा यांचे अनुमान कसे काढतो, हे समजण्यासाठी दोन्ही ग्रहांचे कारकत्व लक्षात घ्यावे लागते. चंद्र हा मनाचा, मातेचा, जलाचा आणि द्रव पदार्थांचा कारक मानला जातो. त्याची स्थिती सतत बदलते, म्हणून रोजची आवक, हातात खेळणारा पैसा, जनसंपर्क या गोष्टी त्याच्याकडे दिल्या जातात. मंगळ हा भूमिपुत्र, म्हणून जमिनीचा कारक. शौर्य, अग्नी, शस्त्र, धाकटी भावंडे आणि धडाडी ही त्याची क्षेत्रे. दोघे एकत्र आले, की मनाला अग्नीची जोड मिळते. मनात आलेले तत्काळ कृतीत उतरविण्याची वृत्ती, जोखीम घेण्याची तयारी, उतावीळपणा आणि राग हे गुण यातूनच सांगितले जातात. धनाच्या बाबतीत जमीन, बांधकाम, यंत्रे, हॉटेल, औषधे व द्रव पदार्थांचा व्यापार यांतून पैसा येतो आणि जसा येतो तसा वेगाने जातोही, असे भाकीत केले जाते.

या दोन ग्रहांचे परस्परसंबंध समान नाहीत, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. नैसर्गिक मैत्रीच्या कोष्टकात मंगळ चंद्राला मित्र मानतो, पण चंद्र मंगळाला सम मानतो. शिवाय कर्क राशीत चंद्र स्वगृही असतो, तेव्हा मंगळ नीच होतो, आणि वृश्चिक राशीत मंगळ स्वगृही असतो, तेव्हा चंद्र नीच होतो. म्हणजे या दोन राशींत एक ग्रह घरी असतो, तेव्हा दुसरा दुर्बल असतो. परंपरेच्या भाषेत पहिल्या स्थितीत भावना प्रबळ आणि कृती क्षीण, तर दुसरीत कृती प्रबळ आणि मन अस्वस्थ असते. मकरेत मंगळ उच्च आणि वृषभेत चंद्र उच्च असतो, म्हणून त्या राशींतील योग अधिक फलदायी मानला जातो. एकाच नावाच्या योगाचे असे अनेक प्रकार होतात.

पुण्यातील एक दिवस : ९ सप्टेंबर २००३
आता एक प्रत्यक्ष उदाहरण पाहू. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीच्या सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटर अंतरावर आला होता. सुमारे साठ हजार वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता. त्या सुमारास तो वक्री होता आणि चित्रापक्षीय गणनेने कुंभ राशीत होता. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. पुण्यात गणेश विसर्जनाची मिरवणूक चालू असताना पूर्वेच्या आकाशात जवळजवळ पूर्ण चंद्र आणि त्याच्या अगदी निकट तांबूस, तेजस्वी मंगळ दिसत होता. म्हणजे त्या दिवशी पुण्यात जन्मलेल्या प्रत्येक बालकाच्या कुंडलीत कुंभेतील चंद्र-मंगळ योग आहे.

योगाच्या बळाचा विचार केला, तर परंपरेनुसार तो दुर्बल म्हणता येणार नाही. शुक्ल चतुर्दशीचा चंद्र पक्षबलाने परिपूर्ण आहे. वक्री मंगळाला चेष्टाबल आहे. कुंभ ही शनीची रास असल्याने दोन्ही ग्रहांना सम आहे. त्याखेरीज गुरू त्या वेळी सिंह राशीत होता आणि त्याची सातवी दृष्टी या युतीवर पडत होती. गुरूची दृष्टी अविचाराला आवर घालते, असे मानले जाते.

अशा दिवशी जन्मलेल्या दोन बालकांची कुंडली कल्पनेने मांडून पाहू. पहिल्याचा जन्म सकाळी आठ वाजता झाला, असे धरू. त्या वेळी पुण्यात कन्या लग्न होते. कन्येपासून कुंभ सहावी येते, म्हणून युती षष्ठस्थानी पडते. हे ऋण, रोग आणि शत्रू यांचे स्थान. कन्या लग्नाला चंद्र लाभेश, म्हणजे एकादश स्थानाचा स्वामी आहे आणि मंगळ तृतीय व अष्टम या स्थानांचा स्वामी आहे. लाभाचा स्वामी ऋणाच्या स्थानी, अष्टमेशाच्या सोबत. ज्योतिषी यावरून सांगेल, की मिळकत होईल ती स्पर्धेतून, वादातून, सेवेतून किंवा इतरांच्या कर्जव्यवहारातून होईल, आणि स्वतः कर्ज काढताना सावध राहावे.

दुसऱ्याचा जन्म रात्री साडेनऊ वाजता झाला, असे धरू. त्या वेळी मेष लग्न होते. मेषेपासून कुंभ अकरावी, म्हणून तीच युती आता लाभस्थानी आली. मेष लग्नाला मंगळ स्वतः लग्नेश आहे आणि चंद्र चतुर्थेश, म्हणजे घर, जमीन व मातेच्या स्थानाचा स्वामी आहे. गुरू हा भाग्येश असून तो पंचमातून लाभस्थानाकडे पाहतो. येथे ज्योतिषी निःशंकपणे सांगेल, की स्वतःच्या पराक्रमाने, जमीन-घराच्या व्यवहारातून मोठा लाभ होईल. दोन्ही बालकांच्या जन्मात साडेतेरा तासांचे अंतर आहे, योग एकच आहे, आणि एकाला कर्जाबद्दल इशारा, तर दुसऱ्याला व्यवहाराचे प्रोत्साहन मिळाले.

तरीही फलादेश येथे संपत नाही. योगाचे फल त्या ग्रहांच्या महादशेत किंवा अंतर्दशेत मिळते, असा नियम आहे. विंशोत्तरी पद्धतीत जन्मनक्षत्रावरून दशेचा आरंभ ठरतो. रात्री जन्मलेल्या बालकाचा चंद्र शततारका नक्षत्रात आहे. त्याचा स्वामी राहू आहे, आणि जन्मसमयी राहूची महादशा सुमारे १२ वर्षे शिल्लक राहते. तिच्यानंतर गुरूची १६, शनीची १९, बुधाची १७, केतूची ७, शुक्राची २० आणि रवीची ६ वर्षे येतात. त्यानंतरच चंद्राची महादशा सुरू होते. या सर्वांची बेरीज केली, तर चंद्राची महादशा वयाच्या सुमारे ९७ व्या वर्षी येते. सकाळी जन्मलेल्या बालकाचा चंद्र धनिष्ठा नक्षत्रात आहे. त्याचा स्वामी मंगळ, म्हणून त्याला मंगळाची महादशा जन्मापासूनच लाभते, पण ती सुमारे दीड वर्ष टिकते आणि बालक चालू लागते न लागते तोच संपते. कमावत्या वयात या दोघांपैकी कोणालाही योगकारक ग्रहाची महादशा नाही. उरतात त्या इतर ग्रहांच्या महादशांतील काही महिन्यांच्या किंवा वर्ष-दीड वर्षाच्या अंतर्दशा. ‘पत्रिकेत चंद्र-मंगळ आहे’ या एका वाक्यातून हे काहीच कळत नाही.

अयनांशाचा प्रश्न
वरील सर्व गणित चित्रापक्षीय अयनांशावर आधारलेले आहे. महाराष्ट्रातील बहुसंख्य पंचांगे, उदाहरणार्थ सोलापूरचे दाते पंचांग, हाच पक्ष मानतात. पुण्याशी निगडित असलेले टिळक पंचांग मात्र रैवत पक्षाचे आहे. ते रेवती नक्षत्रातील एका ताऱ्यापासून राशिचक्राचा आरंभ मानते. दोन्ही पक्षांत सुमारे चार अंशांचा फरक पडतो. चंद्र आणि मंगळ यांच्यामधील अंतर दोन्ही पक्षांत तेच राहते, कारण आरंभबिंदू सरकला, तरी दोघेही सारखेच सरकतात. परंतु योगाची व्याख्या अंतरावर नाही, तर राशीवर आहे. त्यामुळे राशीच्या सीमेजवळ घोटाळा होतो.

उदाहरणार्थ, ८ सप्टेंबर २००३ रोजी रात्री साडेनऊ वाजता पुण्यात जन्मलेल्या बालकाचा विचार करू. रैवत पक्षाने चंद्र त्या वेळी कुंभेत आलेला होता, म्हणून मंगळाशी युती आणि योग सिद्ध होतो. चित्रापक्षाने चंद्र अजून मकरेतच होता, म्हणून योग होत नाही. आकाश एकच, बालक एकच, आणि एका पंचांगानुसार धनयोग आहे, तर दुसऱ्यानुसार नाही. चंद्राला चार अंश ओलांडायला सुमारे साडेसात तास लागतात. मंगळ ज्या राशीत असेल, त्या राशीत चंद्र शिरतानाच्या साडेसात तासांत आणि तेथून बाहेर पडतानाच्या साडेसात तासांत, एवढ्या काळात जन्मलेल्यांच्या बाबतीत हा मतभेद दर महिन्याला उद्भवतो. ज्याला आपल्या कुंडलीतील योगावर विसंबून निर्णय घ्यायचा आहे, त्याने निदान चंद्राचे व मंगळाचे अंश पाहावेत. चंद्र राशीच्या पहिल्या किंवा शेवटच्या चार अंशांत असेल, तर योगाचे अस्तित्वच कोणत्या पंचांगाचा आधार घेतला यावर ठरते.

कसोटी कशी घ्यावी
पुणे शहराला फलज्योतिषाच्या कसोटीचा एक महत्त्वाचा इतिहास आहे. २००८ साली ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे नेते नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह एक प्रयोग केला. १०० हुशार विद्यार्थी आणि १०० बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुले अशा २०० जणांच्या कुंडल्या तयार करण्यात आल्या. सहभागी ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या देऊन त्या कोणत्या गटातील आहेत, हे ओळखण्यास सांगण्यात आले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. त्यांच्या उत्तरांपैकी सुमारे ४६ टक्के बरोबर ठरली, आणि सर्वांत यशस्वी ज्योतिषाची ४० पैकी २४ उत्तरे बरोबर होती. एका संस्थेने सर्व २०० कुंडल्या पाहून १०२ उत्तरे बरोबर दिली. नाणे उडवूनही साधारण निम्मी उत्तरे बरोबर येतात, हे लक्षात घेतले, म्हणजे या निष्कर्षाचा अर्थ स्पष्ट होतो.

हा प्रयोग बुद्धिमत्तेविषयी होता, धनाविषयी नव्हता. म्हणून त्यावरून चंद्र-मंगळ योगाबद्दल थेट निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. परंतु त्याच धर्तीवर या योगाची कसोटी घेणे तुलनेने सोपे आहे, कारण येथे योगाची अपेक्षित वारंवारता आधीच ठाऊक आहे. समजा, स्वतःच्या बळावर व्यवसाय उभारून यशस्वी झालेल्या ६०० व्यक्तींच्या जन्मवेळा विश्वसनीय जन्मनोंदींतून मिळविल्या. योगाचा व्यवसायाशी काहीही संबंध नसेल, तर त्यांपैकी सुमारे ५० जणांच्या कुंडलीत युतीचा योग आढळेल. केवळ योगायोगाने ही संख्या ३७ ते ६३ या मर्यादेत कोठेही येऊ शकते. ती ७० किंवा ८० निघाली, तर योगाच्या बाजूने विचार करण्याजोगे काही आहे, असे म्हणता येईल. ५५ निघाली, तर काही सिद्ध होत नाही.

अशा कसोटीत दोन चुका टाळाव्या लागतात. पहिली म्हणजे माहिती गोळा झाल्यावर व्याख्या बदलणे. युतीने अपेक्षित संख्या मिळाली नाही, म्हणून समोरासमोरची स्थिती धरली, तर अपेक्षित संख्याही दुप्पट, म्हणजे १०० होते, आणि तुलना तिच्याशीच करावी लागते. म्हणून व्याख्या, अयनांश आणि ‘यशस्वी’ या शब्दाचा अर्थ हे तिन्ही आधी लेखी ठरवावे. दुसरी चूक म्हणजे केवळ श्रीमंत माणसांच्या कुंडल्या पाहणे. शंभर श्रीमंतांत आठ-नऊ जणांच्या कुंडलीत योग सापडणारच, आणि त्या आठ-नऊ कुंडल्या ग्रंथात छापल्या, की योग सिद्ध झाल्यासारखा भासतो. ज्या बारापैकी अकरांच्या कुंडलीत तो नाही आणि तरीही ते श्रीमंत झाले, किंवा ज्यांच्या कुंडलीत तो असूनही ते कर्जबाजारी झाले, त्यांची नोंद तेथे नसते.

ज्योतिषी यावर आक्षेप घेतील, की एकटा योग कधीच फल देत नाही. स्थान, दृष्टी, दशा हे सर्व पाहावे लागते. हा आक्षेप परंपरेला धरूनच आहे, आणि वरील पुण्याच्या उदाहरणातही तेच दिसले. परंतु मग त्याचा दुसरा अर्थही स्वीकारावा लागेल. एकटा योग फल देत नसेल, तर ‘पत्रिकेत चंद्र-मंगळ आहे, म्हणून पैसा येईल’ हे विधान स्वतः ज्योतिषशास्त्राच्या कसोटीवरही अपुरे ठरते.

निष्कर्ष
चंद्र-मंगळ योग हा बारांतील एका कुंडलीत आढळणारा, सामान्य योग आहे. जुन्या ग्रंथांत तो संचित संपत्तीचा नव्हे, तर व्यापार, कारागिरी, चढाओढ आणि उतावीळ कृती यांचा निदर्शक आहे. त्याचे धनदायक हे रूप पुढील काळातील आहे. त्याच्यावरून केलेला फलादेश लग्न, स्थान, दशा आणि अयनांश यांनुसार उलटसुलट होतो. अनंत चतुर्दशीला सकाळी व रात्री जन्मलेल्या दोन बालकांचे उदाहरण याचे पुरेसे द्योतक आहे.

२००३ साली जन्मलेली ही पिढी आज पदवी घेऊन बाहेर पडली आहे. त्यांच्यापैकी कोणी व्यवसायासाठी कर्ज काढावे काय, असा सल्ला विचारण्यासाठी आपल्याकडे आले आणि सोबत पत्रिकेचा दाखला आणला, तर तीन प्रश्न उपयोगी पडतील. योगाची कोणती व्याख्या धरली आहे? चंद्र राशीच्या कडेला आहे काय, आणि पंचांग कोणते आहे? त्या ग्रहांची दशा कोणत्या वयात येते? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळविताना विद्यार्थ्याला बहुधा स्वतःच जाणवेल, की कर्जाचा हप्ता, व्यवसायाची मागणी आणि हाती असलेले भांडवल यांचा हिशेब आधी मांडावा लागतो आणि तो पत्रिकेतून मिळत नाही.